डोळे आखणारी चुलीपाशी का?

रायगड जिल्ह्यातल्या पेण, हमरापूर, जोहे या भागात गणपतीचे कारखाने घरोघरी आहेत. कारखाना म्हणायचं, पण कामाला असतात घरचीच माणसं: आईवडील, दोन भाऊ, सुना, कॉलेजातून आल्यावर हात लावणारी मुलं. अशा घरात कामाची वाटणी सहसा कोणी ठरवून करत नाही. समोर दिसेल ते जो तो उचलतो. माघापर्यंत हे चालून जातं, आषाढ लागला की अडचण उभी राहते.

शाडूच्या मूर्तीचं काम टप्प्याटप्प्याने चालतं. माती भिजवून मळायची, साच्यात दाबायची, भाग जोडायचे, ओल्या ब्रशने सफाई करायची, सावलीत वाळवायची, पॉलिश पेपर मारायचा, पांढरा हात द्यायचा, अंगरंग, पीतांबर, शेला, दागिने, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. यातली बरीच कामं चार महिन्यांत शिकता येतात. आखणीला मात्र वर्षं जातात. बुबुळ केसभर सरकलं तरी मूर्ती तिरकी बघते आणि गिऱ्हाईक ती परत ठेवतं. म्हणून बहुतेक घरांत आखणीचा हात एकाच माणसाचा असतो, आणि साऱ्या घराचा हंगाम त्या एका हातावर अडतो.

एक घर धरू. फूटभर उंचीच्या ६०० मूर्तींची मागणी आहे आणि आखणी थोरली सून करते. एका मूर्तीला तिला २० मिनिटं लागतात, म्हणजे एकूण २०० तास. रंगाच्या हंगामाचे दिवस ५०. दिवसाला पाच तास बसली तर २५० तास मिळतात, सगळं आरामात व्हायला हवं. पण सकाळी चांगला उजेड असतो, नेमकी तेव्हाच ती दहा माणसांचा स्वयंपाक करत असते, आणि दुपारी ऑर्डरचे फोनही तीच घेते, कारण हिशेब तिच्या वहीत आहे. प्रत्यक्षात ती ब्रश धरून बसते तीनच तास. ५० दिवसांचे १५० तास, म्हणजे ४५० मूर्ती. उरलेल्या दीडशे मूर्तींसाठी शेवटच्या आठवड्यात रात्री जागतात, आणि ट्यूबलाइटखाली आखलेले डोळे सकाळी पुसावे लागतात.

अशा वेळी धाकटा भाऊ म्हणतो, अजून दोन पोरं कामाला घेऊ. ती पोरं साचे भरतील, मूर्ती जास्त निघतील आणि आखणीपुढची रांग आणखी वाढेल. वाळवण्याच्या टप्प्यालाही माणसं वाढवून उपयोग नाही. शाडू उन्हात ठेवला तर तडकतो, आणि ओल्या मूर्तीवर रंग दिला तर पुढे त्याचे पापुद्रे सुटतात. कुठे अडलंय हे कळायला फळ्या बघाव्यात. रंगवलेल्या पण बिनडोळ्यांच्या मूर्ती फळीवर साचत असतील, तर अडचण आखणीत आहे. रंगवणारेच रिकामे बसले असतील, तर ती वाळवणीत किंवा त्याच्या आधी आहे.

या घराला दोन गोष्टी करता येतात. पहिली, आखणीचं काम फोडायचं. डोळ्यातला पांढरा रंग भरायला कसबी हात लागत नाही, ते कॉलेजातला मुलगा करू शकतो. सुनेकडे फक्त रेघ आणि बुबुळ राहिलं की मूर्तीमागे पाच मिनिटं वाचतात. मग ६०० मूर्तींना १५० तास पुरतात. पण गणित काठोकाठ जुळलं की एक दिवस ताप आला तरी कोसळतं. म्हणून दुसरी गोष्ट: सकाळचा स्वयंपाक त्या ५० दिवसांपुरता दुसऱ्याने करायचा, किंवा डबा लावायचा, आणि वही धाकट्या भावाकडे द्यायची. दिवसाला एक तास जरी सुटला तरी ५० तास हाताशी राहतात. माझ्या मते स्वयंपाक कारखान्याच्या कामाच्या तासांत न मोजणं ही अशा घरांतली सगळ्यात महागडी चूक आहे. चुलीपाशी गेलेला वेळ वहीत दिसत नाही, म्हणून सून मोकळी आहे असं सगळ्यांना वाटत राहतं.

नाजूक प्रश्न वडिलांचा. त्यांनीच सगळ्यांना आखणी शिकवली, आता हात थरथरतो. "बाबा, तुम्ही आता राहू द्या," असं म्हटलं तर माणूस आतून मोडतो. त्यापेक्षा, "बाबा, माती तुमच्याशिवाय कोणाला कळत नाही, मळणी तुम्ही बघा," हे खरंही आहे आणि कामाचंही. माती किती मऊ हवी, कापूस किती मिसळायचा, मूर्ती आतून वाळली का, हे त्यांची बोटं अचूक सांगतात. तिथे चूक झाली तर पुढच्या सगळ्या टप्प्यांची मेहनत वाया जाते.

दुसरा आखणीचा हात तयार करायचा तर तो हंगामात होत नाही. दिवाळीनंतर, कामाची घाई नसताना, तडकलेल्या मूर्तींवर सराव द्यावा. आधी नखं, मग उंदराचे डोळे, मग भुवया, आणि पुढच्या वर्षी मोठ्या मूर्तींची बुबुळं. त्या महिन्यांत शिकवणाऱ्या सुनेकडून साच्याचं काम काढून घ्यावं लागतं, ते आधीच ठरवून ठेवावं.