एकच पत्र, तीन कोटेशनं

दादरच्या जुन्या इमारतीतला दोन खोल्यांचा फ्लॅट. वायरिंग अ‍ॅल्युमिनियमचं, प्लगांना अर्थिंग नाही. घरमालकिणीने तीन इलेक्ट्रिशियनना एकच पत्र दिलं: ‘सोबत पॉइंटांची यादी आहे. प्रत्येक बाबीचा दर वेगळा लिहून द्यावा.’

यादीत दिवे-पंख्यांसाठी १.५, प्लगांसाठी २.५ आणि गीझर-एसीसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर होती. शिवाय वीजगळती होताच पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी.

सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये नुसता ‘प्रति पॉइंट’ दर होता. पत्रावर बोट ठेवून तिने एकेक बाब विचारली, तेव्हा कळलं, की भिंतीत झिरी मारणं, ती बुजवणं आणि मुख्य बोर्डापर्यंतची वायर त्यात धरलेलीच नाही. ही कामं मिळवल्यावर तेच कोटेशन सर्वांत महाग निघालं.