शिट्टी, झेंडी आणि तीस सेकंद

भैंशाला रेल्वे नाही. तिथल्या माणसाला गाडी पकडायची तर तो बासरला जातो किंवा सरळ नांदेड गाठतो. भैंसा पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते, 2016 पासून ते निर्मल जिल्ह्यात गेले. पण स्टेशन बदलले नाही. बासरची गाडी धर्माबादकडून तेलंगणात येते आणि बासरनंतर गोदावरीच्या पुलावरून निजामाबादकडे निघते. मुडखेडपासून पुढचा हा मार्ग एकेरी बांधलेला आहे. एकच जोडी रूळ, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या.

16 ऑगस्ट 2023 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मुडखेड ते मेडचल या पट्ट्याच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. प्रवाशाच्या दृष्टीने ही चांगलीच बातमी आहे, कारण क्रॉसिंगसाठी आडबाजूच्या स्टेशनात अर्धा तास ताटकळणे थांबेल. मात्र रुळावर खडी ओढणाऱ्या, लायनर बदलणाऱ्या, नट आवळणाऱ्या ट्रॅकमनच्या जगण्यात या एका निर्णयाने काय बदलेल, याचा विचार फारसा होत नाही. तो बदल समजून घ्यायचा तर आधी लुकआउट मॅनचे काम नीट पाहावे लागते.

गँग कामाला लागली की सगळ्यांच्या माना खाली असतात. सब्बल, पंजा, बीटर यांचा आवाज, त्यात कधी मशीनची घरघर. रूळ आता लांबच लांब वेल्ड केलेले असतात. पूर्वीसारखा सांध्यांचा खडखडाट दुरून येत नाही. विजेचे इंजिन डिझेलपेक्षा शांत धावते, आणि वारा उलटा असला तर ते अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. म्हणून मुकादम एका माणसाला काम न देता उभा करतो. त्याच्या हातात झेंडी, तोंडात शिट्टी. त्याने बघायचे, फक्त बघायचे. हातभार लावायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत, खाली वाकायचे नाही.

तो किती लांब उभा राहायचा, हे डोळ्याच्या अंदाजावर सोडता येत नाही. साधा हिशोब करून पाहू. गाडी ताशी 110 किलोमीटरने येते असे धरले तर ती एका सेकंदात तीस मीटरपेक्षा थोडी जास्त धावते. सहा जणांच्या गँगने शिट्टी ऐकायची, हातातले काम सोडायचे, हत्यारे उचलायची, जॅक काढायचा आणि रुळापासून दूर जायचे, याला पंधरा सेकंद सहज लागतात. शिवाय गाडी येऊन पोचण्याआधी दहा-पंधरा सेकंद तरी सगळे बाजूला उभे असायला हवेत. म्हणजे शिट्टी वाजल्यापासून गाडी येईपर्यंत तीस सेकंद हाताशी पाहिजेत. तीस सेकंदांत गाडी सुमारे 920 मीटर कापते. म्हणून कामाच्या जागेपासून 920 मीटरवर गाडी आहे तेव्हाच लुकआउटला ती दिसली पाहिजे.

सरळ मैदानी मार्गावर हे जमते. आता वळण घ्या, कडेला कटिंगची भिंत आहे आणि नजर जेमतेम 400 मीटर पोचते. मग लुकआउटला कामापासून 520 मीटर पुढे जावे लागते. तिथून त्याची शिट्टी गँगला ऐकू येईलच याची खात्री नाही. मध्ये आणखी एक माणूस उभा करावा लागतो, तो पहिल्याची झेंडी पाहून आपली शिट्टी वाजवतो. एका बाजूला दोन माणसे झाली. मार्ग एकेरी असल्याने गाडी दुसऱ्या बाजूनेही येऊ शकते, तिकडे आणखी दोन. सहा जणांच्या कामाला चार पहारेकरी.

इथे खरी गाठ पडते. मुकादमाकडे आज आठच माणसे आहेत. एक जण रजेवर, एक जण दुसऱ्या गँगकडे पाठवला. वरून सांगितलेल्या कामाचे मीटर पूर्ण करून दाखवायचे आहेत. अशा वेळी कमी होतो तो लुकआउट, कारण त्याच्या कामाचे मोजमाप कुठेच होत नाही. दिवसभर काही झाले नाही, म्हणजे त्याने काय केले हे कोण विचारतो? त्याला फावडे दिले जाते, आणि ‘लक्ष ठेव रे’ एवढेच सांगितले जाते. अपघातांच्या चौकशीत नियम कोणता मोडला हे येते. माणसे किती होती हा प्रश्न मात्र मागे पडतो, असे मला वाटते.

रूळच सोडवला असेल, गाडी जाऊच नये अशी स्थिती असेल, तर लुकआउट पुरत नाही. गाडी थांबवावीच लागते. ब्रॉडगेजवर त्यासाठी कामापासून 600 मीटरवर रुळांवर आडवा लाल बॅनर लावतात. 1200 मीटरवर रुळाच्या डोक्यावर दहा-दहा मीटर अंतराने तीन डेटोनेटर पट्ट्यांनी बांधतात. ही पसरट डबी चाकाखाली आली की मोठा आवाज होतो. धुक्यात ड्रायव्हरला झेंडी दिसली नाही तरी आवाज चुकत नाही. ताशी 110 ने येणाऱ्या गाडीला थांबायला जवळपास किलोमीटरभर जागा लागते, म्हणूनच 1200 मीटर.

शिट्टी वाजली, पुढे कुठे जायचे? रुळाच्या बाहेरच्या अंगाला, खडीच्या उताराखालची जी सपाट पट्टी असते, तिला रेल्वेत सेस म्हणतात. एकेरी मार्गावर दोन्ही बाजूंना सेस असते, ज्याला जी जवळ ती. भराव फार उंच असेल, तर पाय घसरणार नाही अशी जागा आधीच बघून ठेवावी लागते. पुलावर हा प्रश्न जास्त टोकदार होतो. गोदावरीच्या पुलासारख्या ठिकाणी सेसच नसते. तिथे ठराविक अंतरावर रुळाबाहेर काढलेले छोटे ओटे असतात, त्यांना ट्रॉली रेफ्यूज म्हणतात. मुख्य गाळे शंभर मीटरपेक्षा कमी लांबीचे असलेल्या पुलांवर दोन ओट्यांतले अंतर शंभर मीटरपेक्षा जास्त नसावे असा नियम आहे. म्हणजे वाईटात वाईट जागी उभ्या असलेल्या माणसाला पन्नास मीटर जावे लागते, तेही स्लीपरांमधल्या फटींवरून, हातात हत्यार घेऊन. म्हणून पुलावर काम सुरू करण्याआधी जवळचा ओटा कोणता, हे मुकादमाने प्रत्येकाला बोटाने दाखवायला हवे. पळायला लागल्यावर ओटा शोधणे हे उशिराचे काम आहे.

दुहेरी मार्गावर हा हिशोब फिरतो. दोन्ही रुळांच्या मधल्या जागेचा बऱ्याच जणांना विश्वास वाटतो. नव्या मार्गात दोन रुळांच्या मध्यांतले अंतर 5.3 मीटर ठेवतात. डब्याची रुंदी साधारण 3.25 मीटर. दोन्ही बाजूंनी गाड्या एकाच वेळी आल्या तर मध्ये उरते दोन मीटरभर जागा. तिथे वाऱ्याचा झोत, लटकती साखळी, दाराबाहेर डोकावणारा प्रवासी, आणि हातात लांब सब्बल. जुन्या मार्गांवर तर ही जागा आणखी कमी आहे. म्हणून तिथला नियम सोपा आहे. मधे उभे राहायचे नाही, आपल्या रुळाबाहेरच्या सेसवर जायचे. शेजारच्या रुळावर गाडी येत असली, तरीही काम सोडायचे.

दुहेरी मार्गाचा दुसरा सापळा यापेक्षा फसवा आहे. एका रुळावर गाड्या एकाच दिशेने धावतात, असे दिवसामागून दिवस दिसत राहते. मग पाठीमागे बघायची गरज वाटेनाशी होते. आधी म्हटले ती चार पहारेकऱ्यांची अडचणही मिटल्यासारखी वाटते, कारण गाडी एकाच बाजूने येणार, दोघे पुरे.

पण 13 फेब्रुवारी 2023 च्या पहाटे, पावणेसहाच्या सुमारास, नाशिक जिल्ह्यात लासलगाव ते उगाव दरम्यान रुळाचे काम चालू होते. ओव्हरहेड तारांची देखभाल करणारी टॉवर वॅगन त्या रुळावर नेहमीच्या उलट दिशेने आली आणि चार ट्रॅकमन ठार झाले. त्यांच्या सहकाऱ्यांनी संतापून लासलगावला गाड्या अडवल्या. फेब्रुवारीत पावणेसहाला अजून अंधार असतो. अंधारात झेंडी कामाची नसते, लाल हातबत्तीच लागते. आणि ज्या बाजूने कोणी येत नाही असे ठरलेले असते, त्या बाजूला बत्ती घेऊन कोणी उभे नसते. ब्लॉक घेतलेल्या रुळावर प्रवासी गाडी येणार नाही हे खरे. पण टॉवर वॅगन, टॅम्पिंग मशीन, खडीची गाडी याच ब्लॉकमध्ये याच रुळावर फिरतात, आणि त्या कोणत्याही बाजूने येऊ शकतात. ब्लॉक म्हणजे रूळ रिकामा, हा समज मुळातून काढायला हवा.

पुढच्या वर्षी 22 जानेवारी 2024 च्या रात्री वसई रोड आणि नायगाव दरम्यान सिग्नल विभागाचे तीन कर्मचारी चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलखाली गेले. ते रूळ दुरुस्त करणारे नव्हते, बिघडलेली सिग्नल यंत्रणा दुरुस्त करत होते. रुळावर उतरणारा प्रत्येक विभाग या नियमांखाली येतो, हे त्यातून पुन्हा दिसले.

‘रक्षक’ नावाचे एक यंत्र रेल्वेने काही मार्गांवर आणले आहे. स्टेशनातून गाडीला सिग्नल मिळाला की तिथला वायरलेस प्रक्षेपक संदेश सोडतो. ट्रॅकमनच्या अंगावरचे यंत्र मग बीप करते, थरथरते, दिवा लावते आणि गाडी अप की डाउन हे सांगते. एकट्याने आपला बीट चालत तपासणाऱ्या कीमनला याचा मोठा आधार आहे, कारण त्याच्यासोबत दुसरा लुकआउट नसतोच. पण या यंत्राची मर्यादा त्याच्या रचनेतच आहे. ते सिग्नलवर चालते. सिग्नलऐवजी ब्लॉकच्या कागदी परवानगीवर फिरणाऱ्या वाहनाबद्दल ते काय सांगणार? लासलगावसारख्या घटनेत त्याच्यावर विसंबता आले नसते. त्यात वारंवार बीप वाजणाऱ्या गजबजलेल्या मार्गावर कान त्या आवाजाला सरावतात, आणि खोल कटिंगमध्ये वायरलेसचा संदेश पोचेलच असे नाही. यंत्र लुकआउटच्या जोडीला द्यावे, लुकआउटच्या जागी नाही.

बासरच्या पट्ट्यातल्या गँगला एक सवय आज फुकट मिळालेली आहे. रूळ एकच, म्हणून दोन्ही बाजूंना बघायचेच. दुहेरीकरणानंतर ही सवय अनावश्यक ठरल्यासारखी वाटेल, आणि माणसे वाचवण्यासाठी मागचा लुकआउट आधी कमी होईल. तो कमी करू नये. नव्या रुळावर पहिली गाडी धावण्याआधी गँगच्या मंजूर संख्येत दोन्ही बाजूंचे लुकआउट वेगळे धरावेत, त्यांना कामाच्या मीटरमध्ये मोजू नये, आणि ब्लॉक घेताना त्या ब्लॉकमध्ये कोणते वाहन कोणत्या बाजूने येणार, हे मुकादमाला लेखी मिळाल्याशिवाय कोणी रुळावर उतरू नये.