सरस्वतीची वीणा आणि पांढरी चौकट

मैलापूरच्या कपालीश्वर देवळाजवळ, उत्तर माड रस्त्यावर, नवरात्राच्या आधी बाहुल्यांची दुकानं लागतात. इथे घरोघरी विषम संख्येच्या पायऱ्या मांडून त्यावर बाहुल्या बसवतात, त्याला गोलू म्हणतात. आमच्या शेजारच्या मामी दरवर्षी काही बाहुल्या आणून घरूनच विकतात. गेल्या वर्षी त्यांनी मला बाहुल्यांचे फोटो पाठवले आणि म्हणाल्या, "मागचं सगळं काढून टाक, नुसती बाहुली दिसू दे." फोटोत मागे फ्रिज होता, पंख्याची वायर होती आणि एका कोपऱ्यात मामींचा स्वतःचा पायही होता. मामींना तीन गोष्टी हव्या होत्या: व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला एकेका बाहुलीचा स्वच्छ फोटो, एक पोस्टर, आणि कापडी पिशवीवर छापायला सरस्वतीचं चित्र.

मी कॅनव्हा उघडलं. माझं खातं मोफतचं आहे. फोटो चढवला, पानावर ठेवला, त्यावर टिचकी मारून `Edit` मध्ये गेले. तिथे `BG Remover` दिसतो आणि त्याच्यावर छोटा मुकुट असतो. मुकुट म्हणजे ती सोय पैसे भरणाऱ्या प्रो खात्याची. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि समजतात की मोफत कॅनव्हात बॅकग्राउंड निघत नाही, विषय संपला. माझीही तीच समजूत झाली होती. खरं तर इथे एक नाही, दोन कुलपं आहेत. तुमच्या कामाला त्यातलं कोणतं आडवं येतं, हे आधी ओळखायला हवं.

त्यासाठी बॅकग्राउंड काढणं म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. फोटो हा बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो आणि प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. बॅकग्राउंड काढताना प्रत्येक ठिपक्याला चौथा आकडा जोडला जातो, तो ठिपका किती दिसावा याचा. बाहुलीच्या अंगावरचा ठिपका पूर्ण दिसतो, फ्रिजवरचा शून्य होतो आणि कडेवरचे ठिपके अधलेमधले राहतात. हा चौथा आकडा पीएनजी फाइलमध्ये मावतो. जेपीजीमध्ये त्याला जागाच नाही. म्हणून कापलेलं चित्र जेपीजी करून साठवलं की रिकामी जागा कोणत्या तरी रंगाने, बहुधा पांढऱ्याने, भरली जाते.

पहिलं कुलूप कापण्याचं आहे, म्हणजे `BG Remover`. दुसरं बाहेर नेण्याचं. `Share`, मग `Download`, मग `PNG` निवडलं की खाली `Transparent background` असा चौकोन दिसतो. त्यावरही मुकुट असतो. मोफत खात्यातून पीएनजी जरूर मिळते, पण पानाची रिकामी जागा तिच्यात पांढरी होऊन येते. याच खिडकीत चित्राचा आकार वाढवण्याची पट्टी असते, तीही प्रोसाठीच. केलेलं पान नंतर वेगळ्या मापाचं करून घ्यायची सोयही प्रोचीच. मात्र नवं पान सुरू करताना हवं ते माप टाकायला मोफत खात्यात अडचण नाही. म्हणून मोफत काम करणाऱ्याने माप आधी ठरवावं.

यातून माझ्या लक्षात आलेली सर्वांत उपयोगी गोष्ट अशी: दुसरीकडे कापून आणलेली पीएनजी मोफत कॅनव्हात चढवली, तर तिची पारदर्शकता कॅनव्हाच्या आत शाबूत राहते. खाली कोणताही रंग, नक्षी, दुसरा फोटो ठेवा, बाहुली त्यावर नीट बसते. पोस्टर असंच तर असतं. ते बाहेर पडतं तेव्हा पूर्ण भरलेलं पान असतं, त्याला पारदर्शक व्हायची गरज नसते. मामींच्या तीन कामांपैकी पोस्टरला दुसरं कुलूप लागतच नाही. साधे पांढऱ्यावरचे फोटोही तसेच, कारण मागे पांढरंच हवं आहे.

मग कापायचं कुठे? मी दोन ठिकाणी करून पाहिलं. पहिलं remove.bg. हे व्हिएन्नाच्या ज्या कंपनीचं आहे, ती कॅनव्हाने 2021 मध्ये विकत घेतली. तिथे फुकटात मिळणारं चित्र लहान असतं, जास्तीत जास्त अडीच लाख ठिपक्यांचं. आपल्या फोनचा फोटो सव्वा कोटीच्या आसपास असतो. उभी बाहुली असेल तर फुकटचं चित्र साधारण 433 बाय 577 ठिपक्यांचं येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोनच्या पडद्यासाठी ते चालून जातं. छापायला इंचाला 300 ठिपके धरले तर ते जेमतेम दोन इंच उंच होतं. किमतीच्या चिठ्ठीला पुरे, पोस्टरला नाही. दुसरं ठिकाण म्हणजे विंडोज 11 मधला साधा पेंट. 2023 पासून त्यात बॅकग्राउंड काढायचं बटण आहे आणि पीएनजी म्हणून साठवलं की पारदर्शकता टिकते. चित्र लहानही होत नाही. पोस्टरसाठी मी पेंट वापरला.

आता सरस्वतीकडे येते, कारण खरी शिकवणी तिथे झाली. फूटभर उंचीची बाहुली, पांढरी साडी, मांडीवर वीणा. पहिल्या फोटोत मागे पांढरी भिंत होती. यंत्राने पदराचा काठ भिंतीत मिसळून टाकला, डावा खांदा कुरतडल्यासारखा झाला. वीणेच्या तारा गेल्या. कोपर आणि कंबर यांच्यामध्ये जी छोटी मोकळी फट असते, तिच्यात मात्र भिंत तशीच राहिली. हे तिन्ही दोष मी नंतर जवळजवळ प्रत्येक बाहुलीत पाहिले: रंगाला रंग लागला की कड जाते, बारीक वस्तू जातात, आणि चहूबाजूंनी वेढलेल्या फटी राहतात. दशावताराच्या संचाचा एकत्र फोटो दिला, तर वराह आणि नृसिंह यांच्यामधली जागा भरलेलीच राहिली आणि कडेचा मत्स्य अर्धा गायब झाला. दहा मूर्तींचे दहा फोटो वेगवेगळे काढण्याला पर्याय नाही.

मोठी गंमत अशी की पांढऱ्या पानावर हे दोष दिसतच नाहीत. मी सरस्वती पांढऱ्यावर पाहिली आणि झकास वाटली. तीच गडद हिरव्या पानावर ठेवली तेव्हा तिच्याभोवती दोराएवढी फिकट कड दिसली, कुरतडलेला खांदा दिसला, फटीतली भिंत दिसली. तेव्हापासून कापलेलं कोणतंही चित्र मी आधी गडद रंगावर, मग भडक लाल रंगावर ठेवते आणि दुपटीने मोठं करून कडेकडेने पाहते. दोन मिनिटांचं काम आहे.

दोषांचा उपाय बहुतेक वेळा संगणकात नसून फोटो काढण्यात आहे. दुसऱ्या दिवशी मी निळा चार्ट पेपर आणला. तो भिंतीला चिकटवून खाली टेबलावर वळवून आणला, म्हणजे भिंत आणि टेबल यांची रेघ पडत नाही. बाहुली कागदापासून दीड-दोन फूट पुढे ठेवली. जवळ ठेवली तर कागदाचा निळा रंग पांढऱ्या साडीवर उमटतो आणि कापल्यावर तिथे निळसर झाक राहते. ट्यूबलाइट बंद करून खिडकीचा उजेड बाजूने घेतला. सरस्वती निळ्यावर उठून दिसली. कृष्णासाठी अर्थात कागद बदलून पिवळा घेतला. या फोटोंवर पेंटने कड जवळजवळ हातानं कापल्यासारखी दिली. तारा तरीही गेल्या आणि कोपराची फट तरीही राहिली.

फटीसाठी पेंटमधला खोडरबर पुरला. तारांसाठी प्रोची महिनाभराची मोफत चाचणी घेऊन पाहिली, कारण कॅनव्हाच्या `BG Remover` मध्ये कापून झाल्यावर दोन ब्रश मिळतात: `Erase` आणि `Restore`. दुसऱ्याने पुसलेला भाग परत रंगवून आणता येतो. ब्रश सगळ्यात लहान करून वीणेवरून फिरवला तशा तारा परत आल्या, मात्र तारांच्या मधला निळा कागदही थोडा सोबत आला आणि तो पुन्हा `Erase` ने पुसावा लागला. एका वीणेला पंधरा मिनिटं गेली. प्रोचं बटण कापतं झटकन, पण वीणा शेवटी हातानेच होते. चाचणी घेताना पैसे भरण्याची माहिती आधी देऊन ठेवावी लागते, तेव्हा ती संपण्याची तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा आणि आदल्या दिवशी बंद करा.

कापलेली बाहुली पानावर ठेवली की ती हवेत तरंगल्यासारखी वाटते, कारण तिची सावली कापून गेलेली असते. कॅनव्हातला साधा गोल घेऊन दाबून चपटा केला, राखाडी केला, फिका केला आणि बाहुलीच्या पाटाखाली सरकवला. सरस्वती जमिनीवर बसली. याला पैसे लागत नाहीत.

पिशवीचं काम मी चाचणी घेण्याआधी केलं होतं आणि तिथेच दुसरं कुलूप आडवं आलं. मी मोफत खात्यातून सरस्वती आणि खाली मामींच्या नावाची तमिळ अक्षरं असं चित्र पीएनजी म्हणून उतरवलं. पीएनजी आहे म्हणजे पारदर्शक असेलच, असं मी धरून चालले. छापणाऱ्याने मरून पिशवीवर नमुना काढला, तर सरस्वतीमागे पांढरी चौकट. चूक माझी होती, मी फाइल उघडून गडद रंगावर पाहिली नव्हती. पानाला पिशवीचा मरून रंग देऊन पाहिला, पण छपाईत दोन मरून कधी जुळत नाहीत, चौकट फिकी होऊन उरलीच. शेवटी पेंटमधली सरस्वतीची मूळ पीएनजी छापणाऱ्याला तशीच दिली आणि अक्षरं त्याच्याच संगणकावर टाकून घेतली. मामींनी पिशवी हातात घेऊन वीणेवरून बोट फिरवलं. तारा नव्हत्या. "तारा कुठे गेल्या?" असं त्यांनी विचारलं आणि मग मी चाचणी घेतली.

एवढं सगळं करून माझं मत झालं ते सांगते. पोस्टर, आमंत्रण, व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो, एवढंच लागत असेल तर मोफत कॅनव्हा पुरतं, कापणी पेंटमध्ये करा आणि पानाचं माप आधी ठरवा. कापड, काच, रंगीत कागद अशा दुसऱ्या कशावर छापायचं असेल आणि अक्षरांसकट पारदर्शक चित्र कॅनव्हातूनच हवं असेल, तर प्रो लागतंच. तेव्हा वर्षभराचं घेऊ नका, सगळे फोटो आधी काढून, निवडून तयार ठेवा आणि एका महिन्यात काम उरका. आणि सरस्वतीचा फोटो पांढऱ्या भिंतीसमोर काढू नका.