इतिहासात ८१, मराठीत ७८

सहामाहीत सईला इतिहासात ८१, मराठीत ७८ आणि गणितात ५८ गुण पडले. घरात निवाडा लगेच झाला: इतिहास उत्तम, मराठी ठीक, गणित कच्चं. सई आणि तिच्या वर्गाचे आकडे मी हिशोब सुटसुटीत यावा म्हणून रचलेले आहेत, पण असा निवाडा घरोघरी होतो.

शिकवणीला सईसकट पाच मुलं आहेत. मराठीत त्यांचे गुण ६६, ७०, ७२, ७४, ७८. इतिहासात ५७, ६९, ७५, ८१, ९३. सरासरी अनुक्रमे ७२ आणि ७५. म्हणजे दोन्ही विषयांत सई सरासरीच्या सहाच गुणांनी पुढे आहे. मग दोन्हीकडची कामगिरी सारखीच का? गुणांच्या त्या ओळी पुन्हा पाहा. मराठीत सगळी मुलं बारा गुणांच्या आत दाटीवाटीने बसली आहेत. तिथे सहा गुणांनी पुढे निघणारी सई पहिली आली. इतिहासात मुलं ५७ पासून ९३ पर्यंत पांगली आहेत, आणि तेच सहा गुण तिथे किरकोळ ठरतात.

ही पांगापांग मोजायच्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात. मराठीचं काढून बघू. प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर घ्या: उणे ६, उणे २, ०, २, ६. नुसती बेरीज केली तर शून्यच येणार, म्हणून आधी वर्ग करायचे: ३६, ४, ०, ४, ३६. बेरीज ८०, पाचाने भागून १६, आणि त्याचं वर्गमूळ ४. इतिहासाचं याच रीतीने १२ येतं.

आता सरासरीपासूनचं अंतर या मापाने भागलं की झेड-स्कोअर मिळतो. मराठीत ६ भागिले ४, म्हणजे १.५. इतिहासात ६ भागिले १२, म्हणजे ०.५. गणितात मुलांना २६, ३४, ४२, ५८, ७० गुण आहेत. सरासरी ४६, प्रमाण विचलन १६. सई तिथे १२ गुणांनी पुढे, म्हणून ०.७५. घरच्यांना जे गणित कच्चं वाटलं ते तिच्या इतिहासाहून सरस निघालं, आणि सर्वाधिक गुणांचा इतिहास तिन्हींत शेवटी गेला.

संगणकावर हे करताना एक चकवा आहे. एक्सेलमध्ये STDEV.P आणि STDEV.S अशी दोन सूत्रं आहेत. पहिलं आपल्यासारखं पाचाने भागतं, दुसरं चाराने, आणि मराठीचं ४ ऐवजी ४.४७ दाखवतं. तिन्ही विषयांना मुलं तितकीच असतील तर सईच्या विषयांचा क्रम बदलत नाही. फक्त एका विषयाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सूत्र लावायचं नाही.

उणे आकडा दिसला की पालकांच्या पोटात गोळा येतो, तेही उगाचच. गणितात ४२ गुणांचा झेड-स्कोअर उणे ०.२५ आहे, पण ३५ ला उत्तीर्ण असेल तर तो मुलगा पास आहे. झेड-स्कोअर विषय किती आला हे सांगत नाही, त्या गटात कुठे उभे आहात एवढंच सांगतो. शिवाय पाचच मुलं असली तर आपल्या रीतीने तो २ च्या वर जाऊच शकत नाही, मग पहिला कितीही पुढे असो. पेपर फार सोपा गेला तरी तीच अडचण: सरासरी ९२ आणि प्रमाण विचलन ६ असेल, तर शंभरपैकी शंभर घेणाऱ्यालाही १.३३ च मिळतात. वर जायला जागाच उरत नाही.

सगळ्यात मोठी मेख गटाची. एखादा ऐच्छिक विषय फक्त हुशार मुलंच घेत असतील, तर तिथे सरासरीवर उभा राहणारा मुलगाही शून्यावर दिसतो. सईचे तिन्ही झेड-स्कोअर त्याच पाच मुलांमधले होते, म्हणूनच ते शेजारी-शेजारी ठेवता आले.

श्रीलंकेत बारावीसारख्या ए-लेव्हल परीक्षेनंतरचे विद्यापीठप्रवेश तीन विषयांच्या झेड-स्कोअरच्या सरासरीवर होतात. २०११ ला जुन्या आणि नव्या अशा दोन अभ्यासक्रमांची मुलं एकाच वेळी बसली. त्यांचे पेपर वेगळे होते, पण झेड-स्कोअर काढताना दोन्ही गट एकत्र धरले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१२ मध्ये न्यायालयाने ते झेड-स्कोअर रद्द ठरवले. मग दोन्ही गटांची सरासरी आणि प्रमाण विचलन वेगवेगळं काढून सगळा हिशोब नव्याने मांडावा लागला.