वजावटी असूनही कर अधिक का?

गृहकर्ज आणि विमा यांचे हप्ते नियमाने भरणाऱ्या नोकरदारास जुनी करपद्धतीच लाभदायक ठरेल, हा समज स्वाभाविक असला, तरी हिशेब निराळेच सांगतो. प्राप्तिकर जिन्यासारखा पायरीपायरीने चढतो आणि वजावट सर्वांत वरच्या पायरीवरून सुरू होते. परंतु जुन्या जिन्यावर १० लाखांपुढे ३० टक्के दर लागतो, तर नव्यावर १२ ते १६ लाखांच्या टप्प्यास केवळ १५.

२०२५-२६ या वर्षी १५ लाख वेतन घेणाऱ्याचे उदाहरण पाहू. जुन्या पद्धतीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाचे कमाल २ लाख, कर्जाची मुद्दल, आयुर्विमा व भविष्यनिर्वाह निधी मिळून दीड लाख आणि आरोग्यविम्याचे २५ हजार वजा जाता पावणेअकरा लाख उरतात आणि उपकरासह १,४०,४०० रुपये भरावे लागतात. नव्या पद्धतीत प्रमाणित वजावटीचे ७५ हजार तेवढे वजा होतात, तरीही कर ९७,५०० रुपयेच होतो.

बरोबरी साधण्यास जुन्या पद्धतीत आणखी १,६८,७५० रुपयांची वजावट हवी. एरवी ती घरभाडे भत्त्यातून साधते, पण स्वतःच्याच घरात राहणाऱ्यास तो मार्ग बंद असतो.