डेटाबेसची डिस्क भरण्याचा पूर्वअंदाज

डेटाबेसची डिस्क भरण्याचा पूर्वअंदाज म्हणजे डेटाबेसने व्यापलेली जागा दर आठवड्याला मोजून, तिच्या वाढीच्या दरावरून उरलेली जागा केव्हा संपेल हे आधीच ठरविण्याची पद्धत होय. प्रस्तुत लेखात पोस्टग्रेस्क्यूएल या मुक्तस्रोत डेटाबेसच्या संदर्भात ही पद्धत स्पष्ट केली आहे.

## मोजणी

आठवड्यातील ठरावीक वारी व ठरावीक वेळी दोन आकडे नोंदवितात. पहिला आकडा डेटाबेसच्या आकारमानाचा असून तो पुढील आज्ञेने मिळतो:

```
SELECT pg_database_size(current_database());
```

दुसरा आकडा संपूर्ण डिस्कवर व्यापलेल्या जागेचा असतो. लिनक्सवर तो `df` या आज्ञेने कळतो. डिस्क भरण्याची तारीख दुसऱ्या आकड्यावरून काढावी लागते, कारण डिस्कवर डेटाबेसखेरीज इतर फायलीही असतात. वाढ कशामुळे झाली हे मात्र दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावरच समजते.

## उदाहरण

समजा, एका डिस्कवर वापरता येण्याजोगी जागा ५०० गिगाबाइट आहे आणि आठ आठवड्यांत व्यापलेली जागा अनुक्रमे ३१२, ३१८, ३२३, ३३०, ३३५, ३४२, ३४७ व ३५४ गिगाबाइट आढळली. आठ नोंदींमध्ये सात अंतरे येतात. एकूण वाढ ४२ गिगाबाइट असल्याने साप्ताहिक सरासरी ६ गिगाबाइट येते. उरलेल्या १४६ गिगाबाइटला ६ ने भागल्यास डिस्क सुमारे २४ आठवड्यांत भरेल असे दिसते.

प्रत्यक्षात ही मुदत फसवी असते. फुगलेला तक्ता आटोपशीर करणारी `VACUUM FULL` ही आज्ञा त्या तक्त्याची नवी प्रत तयार करते आणि काम पूर्ण झाल्यावरच जुनी प्रत काढून टाकते. तेवढी जागा मोकळी नसेल तर डिस्क भरण्यापूर्वीच हा उपाय हातचा जातो. म्हणून सर्वांत मोठ्या तक्त्याचा आकार लक्षात घेऊन त्याआधीची मर्यादा ठरवितात. ती ४२५ गिगाबाइट मानली, तर उरलेली जागा ७१ गिगाबाइट आणि मुदत १२ आठवड्यांहून किंचित कमी होते. नवी डिस्क मिळण्यास सहा आठवडे लागत असतील, तर मागणी पाचव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत नोंदवावी लागते.

## एकाएकी आलेली वाढ

याच उदाहरणात पाचव्या आठवड्याच्या नोंदीपूर्वी जुन्या दप्तराच्या एकरकमी भरणीमुळे ४० गिगाबाइटची भर पडली असती, तर शेवटची नोंद ३९४ झाली असती. सरळ सरासरी ११.७ गिगाबाइट येऊन मर्यादेपर्यंत अडीच आठवड्यांहून थोडा अधिक काळ उरला असता. ही भर पुन्हा पडणार नसेल तर तिला वाढीचा दर मानणे चूक ठरते, पण तिने व्यापलेली जागा हिशेबात धरावीच लागते. अशा वेळी सात साप्ताहिक फरकांचा मध्यक घेतात. येथे तो ७ आहे, म्हणून उरलेल्या ३१ गिगाबाइटला सुमारे साडेचार आठवडे पुरतात.

## नोंदी वगळल्यानंतरचा सपाट काळ

पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये `DELETE` केल्याने फायलीचा आकार सहसा घटत नाही. `VACUUM` नंतर ती जागा त्याच तक्त्यातील नव्या नोंदींसाठी मोकळी होते. त्यामुळे मोठ्या साफसफाईनंतर काही आठवडे आकारमान जवळपास स्थिर राहते आणि आतील पोकळी भरताच पूर्वीच्या वेगाने वाढू लागते. केवळ सपाट आठवड्यांवरून दर काढल्यास डिस्क कधीच भरणार नाही, असा भ्रामक निष्कर्ष निघतो. साफसफाईपूर्वीचा दर येथे अधिक विश्वसनीय असतो.

## मर्यादा

`pg_database_size` च्या आकड्यात `pg_wal` या निर्देशिकेतील फायली मोजल्या जात नाहीत. प्रत्येक बदलाची आगाऊ नोंद या फायलींमध्ये होते. दुय्यम सर्व्हरसाठी राखलेला रेप्लिकेशन स्लॉट वापराविना पडून राहिला, तर त्याच्यासाठी या फायली साठत जातात. `max_slot_wal_keep_size` चे मूळ मूल्य `-1`, म्हणजे अमर्याद, असल्यामुळे हा साठा आपोआप थांबत नाही. अशी वाढ आठवड्यांच्या नव्हे, तर कधीकधी तासांच्या हिशेबाने होते आणि साप्ताहिक अंदाज तिच्यापुढे निरुपयोगी ठरतो. `pg_wal` असलेली डिस्क पूर्ण भरल्यास सर्व्हर बंद पडू शकतो.

हा बिघाड ओळखण्याची खूण म्हणजे वरील दोन आकड्यांमधील अंतर. डेटाबेसचे आकारमान नेहमीच्या गतीने वाढत असताना डिस्कवरील व्याप झपाट्याने वाढला, तर कारण डेटाबेसच्या तक्त्यांबाहेर शोधावे लागते. त्याचप्रमाणे प्रत्येक नवी नोंद आधीच्या अंदाजाशी ताडून पाहतात. वरील मूळ उदाहरणात नववी नोंद ३६० च्या आसपास अपेक्षित आहे. ती ३७५ आढळल्यास कारण कळेपर्यंत जुनी तारीख ग्राह्य धरली जात नाही.