न आलेला निरोप

31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीच्या इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेसची फाइल्सची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. रोजचा बॅकअप शोधला, तर साठवणीची जागा रिकामी! बॅकअपचा प्रोग्रॅम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने तो रोज अपयशी होत होता. तशा सूचनांचे ईमेल निघत होते, पण पडताळणीत अडकून नाकारले जात होते. अखेर सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली प्रत कामी आली. मधला डेटा गेला.

बिघाड झाला तरच बोलणारी व्यवस्था स्वतःच मुकी झाली, तर शांतता म्हणजे सारे ठीक असा अर्थ निघतो. वेळापत्रक चालवणारा सर्व्हरच बंद असेल, तर चूक कळवायलाही कोणी नसते.

हार्टबीट मॉनिटरिंगमध्ये हिशोब उलटा असतो. काम यशस्वी झाले की ते दुसऱ्या यंत्रावरच्या पहारेकऱ्याला छोटा निरोप धाडते:

```
0 2 * * * /opt/backup.sh && curl -fsS https://monitor.example/ping/db
```

बॅकअप रात्री 2 वाजता सुरू होऊन 20 मिनिटांत संपत असेल, तर पहारेकरी थोडी सवलत देऊन 3 पर्यंत थांबतो. तोवर निरोप नाही, तर फोन वाजतो. कारण काहीही असो.

`&&` मुळे स्क्रिप्टने अपयश कळवले, तर निरोप जात नाही. मात्र रिकामी फाइल तयार करूनही स्क्रिप्ट ‘यशस्वी’ म्हणू शकते. म्हणून निरोपाआधी फाइलचा आकार तपासावा लागतो आणि अधूनमधून बॅकअप खरोखर उघडूनही पाहावा लागतो.